शनिवारी वाचलेलं सोमवारी शिकवा

महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागात पहिलंच प्रकरण गुरुत्वाकर्षणाचं आहे. केप्लरचे नियम, न्यूटनचा सिद्धान्त, वस्तुमान आणि वजन यांतला फरक, मुक्तपतन, मुक्तिवेग अशी त्याची चढण आहे. दोनदा वाचलं की सगळं ओळखीचं वाटायला लागतं आणि मुलं ‘झालं माझं’ म्हणून पुढच्या प्रकरणाकडे वळतात. खरोखर झालं की नाही, हे पाहायचा जुना आणि चांगला उपाय म्हणजे पुस्तक मिटून तो धडा कुणाला तरी मोठ्याने शिकवणं. बऱ्याच घरांत तो केलाही जातो. मात्र कधी करायचा, याचा विचार फारसा होत नाही. वाचून झाल्याझाल्या, पान डोळ्यांसमोर ताजं असताना मूल घडाघडा बोलतं आणि आईबाबा खूश होतात.

त्या घडाघडा बोलण्यावर विसंबू नये, याला आधार आहे. १९९१ मध्ये नेल्सन आणि डनलॉस्की या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी काही जणांना शब्दांच्या जोड्या पाठ करायला दिल्या आणि ‘ही जोडी तुम्हाला नंतर आठवेल का?’ असा अंदाज विचारला. पाठ केल्याबरोबर सांगितलेले अंदाज बरेच चुकले. थोडा वेळ जाऊ देऊन विचारलेले अंदाज मात्र कमालीचे बरोबर आले. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने विचारलं तर पुन्हा वाचणारे ४२ वर घसरले होते आणि आठवून लिहिणारे ५६ वर होते. थोडक्यात, वाचल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत आपल्याला स्वतःबद्दल जे वाटतं, ते फार भरवशाचं नसतं.

म्हणून प्रकरण शनिवारी संध्याकाळी वाचलं असेल, तर शिकवण्याची बैठक सोमवारी संध्याकाळी ठेवावी, असं माझं मत आहे. मध्ये दोन रात्री जातात, शाळेचे इतर विषय येऊन जातात आणि पुस्तकातली वाक्यं जशीच्या तशी जिभेवर राहत नाहीत. त्याहून फार लांबवूही नये. दोन आठवड्यांनी मूल अडलं, तर ते विसरलं की मुळात समजलंच नव्हतं, हे सांगता येत नाही. बैठकीची वेळ शनिवारीच ठरवून कॅलेंडरवर लिहावी आणि ऐकणाऱ्या माणसालाही सांगून ठेवावी.

शनिवारी आणखी एक काम उरकायचं. प्रकरणावर चार-पाच प्रश्न एका चिठ्ठीवर लिहायचे. फक्त प्रश्न, उत्तरांचे मुद्दे नाहीत. ‘जड आणि हलका दगड निर्वात जागेत एकदमच का पडतात?’, ‘चंद्रावर वजन कमी होतं, वस्तुमान का नाही?’ अशा धर्तीचे, ज्यांत ‘का’ आहे. सोमवारी हातात तेवढी चिठ्ठी असते. टिपण समोर ठेवून शिकवण्यात फारसं हशील नाही. सिंगापूरमध्ये २०१८ साली झालेल्या एका प्रयोगात टिपणाशिवाय शिकवणाऱ्यांना आठवड्यानंतर विषय चांगला येत होता. लिहिलेलं समोर ठेवून शिकवणारे त्यांच्या मागे पडले. फायदा आठवण्याच्या कष्टातून येतो, नुसत्या बोलण्यातून नाही.

ऐकायला कोण हवं? विषयातलं माणूस हवंच असं नाही. न लाजता विचारणारं हवं. माझ्या भाचीची ‘विद्यार्थिनी’ तिची आजी असते. गुरुत्वाकर्षणाच्या बैठकीत भाचीने पहिले दोन प्रश्न झकास समजावले. मग गाडी अंतराळवीरांवर आली.

“आजी, वर गुरुत्वाकर्षण नसतं ना, म्हणून ते यानात तरंगतात.”

“अगं, मग तो चंद्र कुणी धरून ठेवलाय? तो तर आणखी लांब आहे.”

भाची थांबली. मग म्हणाली, “ते वेगळं असतं आजी. चंद्र मोठा असतो ना.” लगेच तिने सूत्र म्हणून दाखवलं: `g = GM/r²`. आजीने शांतपणे विचारलं, “बरं, मग यात वर गेल्यावर शून्य कुठे होतं?”

न समजल्याच्या खुणा अशाच असतात. ‘ते वेगळं असतं’ म्हणून प्रश्न बाजूला सारणं, कारण विचारल्यावर सूत्र पुढे करणं, आवाज एकाएकी पुस्तकी होणं. मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं तर या जागा नंतर स्वतःच्याच कानांना टोचतात. त्या वेळी पुस्तक उघडायचं नाही. चिठ्ठीवर त्या प्रश्नापुढे फुली मारून पुढे जायचं. वीस मिनिटांत बैठक आटपायची आणि मग फक्त फुल्यांपुरतं पुस्तक काढायचं.

भाचीने ते केलं. पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,४०० किलोमीटर; अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचावर. म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापासूनचं अंतर ६,४०० वरून ६,८०० झालं, इतकंच. ६,४०० भागिले ६,८०० म्हणजे ०.९४, त्याचा वर्ग सुमारे ०.८९. जमिनीवर `g` ९.८ असेल तर तिथे साधारण ८.७. गुरुत्वाकर्षण जवळपास सगळंच शिल्लक! मग तरंगणं कशामुळे? स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने आडवं धावत असतं. ते सतत पृथ्वीकडे पडत असतं, पण तेवढ्यात खालची जमीनही वळलेली असते, म्हणून ते आदळत नाही. यान आणि आतली माणसं एकाच त्वरणाने पडत असल्यामुळे पायाखालची फरशी त्यांना वर रेटत नाही. मुक्तपतन हे प्रकरणातच दोन पानं आधी भाचीने वाचलं होतं; ते आणि तरंगणं ही एकच गोष्ट आहे, हे मात्र आजीने टोकेपर्यंत तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

दुरुस्तीनंतर दुसरी बैठक हवीच, आणि तीही तीन-चार दिवसांनी. नाहीतर नव्याने वाचलेलं ताजेपणावर पुन्हा निभावून जातं. या वेळी प्रश्न थोडा फिरवावा. ‘लिफ्टची दोरी तुटली तर आतल्या वजनकाट्यावर उभ्या माणसाचं वजन किती दाखवेल?’ असं विचारलं आणि मुलाने शून्य असं कारणासह सांगितलं, तर फुली खोडायला हरकत नाही.

या पद्धतीला काही गोष्टी जमत नाहीत. मूल चुकीची कल्पना आत्मविश्वासाने सांगून गेलं आणि ऐकणाऱ्याला शंका आली नाही, तर चूक तशीच राहते. आजीला चंद्र सुचला नसता, तर ‘वर गुरुत्वाकर्षण नसतं’ हे वाक्य बिनबोभाट पास झालं असतं. म्हणून बैठकीनंतर रेकॉर्डिंग ऐकत चिठ्ठीवरचा प्रत्येक प्रश्न पुस्तकाशी ताडून पाहावा, बरोबर वाटलेलासुद्धा. शिवाय छान समजावून सांगणाऱ्या मुलाला उदाहरणं सोडवता येतीलच असं नाही. मुक्तिवेगाचं गणित मांडणं, एककं सांभाळणं हे कागदावरच तपासावं लागतं. त्यासाठी स्वाध्यायातली गणितं वेगळ्या दिवशी, घड्याळ लावून सोडवायची.