टेकूला धक्का लागला तर?

स्लॅबखालच्या सेंटरिंगच्या बल्लीला कुणी बाजूने रेटलं, तर ती जराशी वाकते. पण त्याच बल्लीवर ओल्या काँक्रीटचा भार असेल, तर तेवढ्याच रेट्याने ती कितीतरी जास्त वाकते. का?

समजा, नुसत्या रेट्याने बल्लीचा मध्य 10 मिलिमीटर सरकला. आता वरचा भार मध्यातून सरळ खाली जात नाही, त्या 10 मिलिमीटरच्या बाकावर दाब देतो आणि बाक आणखी वाढवतो. वाढलेल्या बाकामुळे तोच भार पुन्हा जास्त वाकवतो. ज्या भाराला बल्ली आपोआपच वाकून कोसळेल, त्याच्या निम्मा भार वर असेल तर 10 मध्ये 5 मिळतात, मग अडीच, मग सव्वा. बेरीज 20 वर थांबते. भार 80 टक्के असेल, तर ती 50 वर जाते! भार पाचपट झालेला नसतो, वाकणं मात्र पाचपट होतं. म्हणून दाब आणि रेटा वेगवेगळे तपासून ‘दोन्ही चालतात’ म्हणणं धोक्याचं.

उपाय साधा आहे. बल्ली मधोमध आडव्या-तिरप्या बांधणीने दोन्ही दिशांना पक्की धरली, की वाकून कोसळण्याचा भार साधारण चौपट होतो. स्लॅब भरण्याआधी ही बांधणी जरूर तपासा.