ॲपवर बोललेलं किती दिवस राहतं?

आपल्या गटाच्या हिशोबाच्या ॲपवर बोलून निरोप पाठवता येतो. तो कुठे आणि किती दिवस राहतो, हे आम्ही सूचनेत लिहिलंय. तेच आज सांगतो.

साधा फोन करून बोललेलं ॲप साठवत नाही. माइकचं बटण दाबून गटाला पाठवलेला आवाज मात्र साठतो, 30 दिवस.

समजा, एका ताईंनी 1 जूनला बोलून कळवलं, "मालक आजारी आहेत, हप्ता जुलैत भरते." हा आवाज 1 जुलैला आपोआप पुसला जातो. पण सगळी माहिती हरवू नये म्हणून रोज तिची एक नक्कल काढून ठेवतात. प्रत्येक नक्कल 15 दिवस राहते. म्हणजे आवाज पुरता जायला 16 जुलै उजाडते.

ताईंनी तो 5 जूनलाच स्वतः पुसला, तर गटाला लगेच दिसेनासा होतो, पण नकलेत 20 जूनपर्यंत राहतो. आणि तोवर एखादीनं तो आपल्या फोनमध्ये उतरवून घेतला असेल, तर तिथून पुसणं आमच्या हातात नाही.

हिशोबात फक्त "हप्ता जुलैत" एवढीच नोंद होते. ती कर्ज फिटलं तरी राहते. कारण तिथे लिहीत नाही.

म्हणून ॲपवर तारीख तेवढी सांगा. घरातलं कारण बैठकीत तोंडी बोलू.