प्रथिनांचा हिशेब : सांबारात डाळ किती?

पनीर आणि सोयाबीनची पाळी आज होती, पण चेन्नईहून आलेल्या एका पत्रामुळे ती पुढच्या आठवड्यावर गेली. तिरुवल्लिकेणीतल्या एका ‘मॅन्शन’मध्ये, म्हणजे एकट्या नोकरदारांच्या खोल्यांच्या इमारतीत, राहणाऱ्या मराठी तरुणाचं हे पत्र. वजन 65 किलो, किलोमागे 0.83 ग्रॅम या हिशेबाने दिवसाला 54 ग्रॅम प्रथिनं हवीत. त्याचा प्रश्न असा : शंभर ग्रॅम तूरडाळीत 22 ग्रॅम प्रथिनं असतात, आणि मेसमध्ये दोन्ही वेळा दोन-दोन वाट्या सांबार मिळतं. मग सांबारावरच भागतं ना?

नाही भागत.

ते 22 ग्रॅम कोरड्या, कच्च्या डाळीतले आहेत. वाटीत येते ती पाणी प्यायलेली डाळ, आणि सांबारात तर चिंचेचा कोळ, शेवग्याच्या शेंगा आणि वरून आणखी पाणी. घरी हे मोजणं सोपं आहे. शंभर ग्रॅम डाळीचं सांबार करा आणि रिकाम्या पातेल्याचं वजन वजा करून ते तोला. समजा, 900 ग्रॅम भरलं. मग 150 ग्रॅमच्या वाटीत डाळ आली जेमतेम 17 ग्रॅम आणि प्रथिनं चार ग्रॅमहून कमी. त्याच डाळीचं घट्ट वरण 500 ग्रॅम झालं, तर तेवढ्याच वाटीत साडेसहा ग्रॅम मिळतात.

मेसचं पातेलं कोण तोलणार? तिथे आचाऱ्याला दोनच गोष्टी विचाराव्यात : डाळ किती घातली आणि पानं किती उठली. दोन किलो डाळीत शंभर पानं उठली, तर माणशी वीस ग्रॅम डाळ, म्हणजे साडेचार ग्रॅम प्रथिनं. तेवढंही विचारता आलं नाही, तर वाटी पाच मिनिटं न ढवळता ठेवावी. तळाला पिवळा थर किती बसतो आणि वर पाणी किती राहतं, ते दिसतं. तिरुवल्लिकेणीत रत्ना कॅफेसारखी इडलीवर सढळ हाताने सांबार ओतणारी ठिकाणं आहेत. तिथेही हाच हिशेब.

आता त्याचं ताट मांडू. चार इडल्यांतून साधारण आठ ग्रॅम. दोन वेळचा भात, कच्चा तांदूळ दीडशे ग्रॅम, त्यातून बारा. दिवसभरात साठ ग्रॅम कच्ची डाळ पोटात गेली, तर तेरा. दोन उकडलेल्या अंड्यांचे बारा. अडीचशे ग्रॅम दह्याचे आठ. पण दही घट्ट हवं, कारण नीरमोर, म्हणजे पातळ ताक, बहुतेक पाणीच असतं. बेरीज 53. उरलेला एक ग्रॅम कॉफीतल्या दुधातून सहज येतो.

अंडी खात नसाल, तर मरीनावरचं सुंडल आहेच. साठ ग्रॅम कोरडे हरभरे भिजवून उकडले, की दोन अंड्यांची जागा जवळपास भरून निघते.

पत्रलेखकाने आचाऱ्याचं उत्तर जरूर कळवावं. पनीर-सोयाबीन पुढच्या आठवड्यात.