पिन खोचताच ३८ व्होल्ट

एका छोट्या मशीनचा बोर्ड २४ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर चालतो. घरच्या आरओ वॉटर प्युरिफायरला असतो तसलाच हा अ‍ॅडॉप्टर. बोर्डावरची पॉवरची चिप ३६ व्होल्टपर्यंत सोसते, म्हणजे २४ ला हात राखून घेतलेली. अ‍ॅडॉप्टर चांगला आहे, मल्टिमीटर बरोब्बर २४ दाखवतो. तरीही अधूनमधून एखादा बोर्ड अ‍ॅडॉप्टरची पिन खोचताक्षणी मरतो. दुरुस्तीवाला चिप बदलतो, बोर्ड चालू होतो, आणि काही दिवसांनी परत येतो.

दोष शोधायचा तर मधल्या वायरकडे बघावं लागतं. दीड मीटर दुपदरी वायरला साधारण १ मायक्रोहेन्री इंडक्टन्स असतो. वायर आणि जोड मिळून ०.१ ओहमच्या आसपास रोध धरू. बोर्डाच्या तोंडाशी व्होल्टेज स्थिर ठेवायला सिरॅमिक कपॅसिटर बसवलेला असतो, त्यावर किंमत २२ मायक्रोफॅरड. रोध, इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स एकापाठोपाठ जोडले गेले, म्हणजे कुणी न आखलेलं सिरीज आरएलसी सर्किट तयार झालं. आणि पिन खोचणं म्हणजे त्याला एका झटक्यात दिलेले २४ व्होल्ट. पुस्तकात याला स्टेप इनपुट म्हणतात.

पिन टेकताच करंट कपॅसिटर भरू लागतो. कपॅसिटर २४ व्होल्टला पोचला की करंट थांबायला हवा, पण इंडक्टन्स त्याला एकदम थांबू देत नाही. झोपाळा खालच्या बिंदूशी आला म्हणून थांबत नाही, वेगाच्या भरात पुढे जातो. तसा करंट कपॅसिटरमध्ये घुसतच राहतो आणि व्होल्टेज २४ च्या वर चढतं. मग ते परत खाली येतं, पुन्हा वर जातं. दरम्यान रोध प्रत्येक फेरीत थोडी ऊर्जा उष्णतेत घालवत असतो. तो पुरेसा मोठा असेल तर व्होल्टेज २४ ओलांडतच नाही.

‘पुरेसा’ म्हणजे किती, याचं उत्तर विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विननी, १८५३ मध्येच काढून ठेवलं आहे. त्यांच्यासमोर अ‍ॅडॉप्टर नव्हता, लायडन जार रिकामा होताना काय होतं हा प्रश्न होता. पण गणित हेच. सीमारेषेवरचा रोध असा:

R = 2√(L/C)

सर्किटमधला एकूण रोध याहून जास्त असेल तर सर्किट ओव्हरडॅम्प्ड, बरोबर इतकाच असेल तर क्रिटिकली डॅम्प्ड, आणि कमी असेल तर अंडरडॅम्प्ड, म्हणजे हेलकावे ठरलेले. प्रत्यक्ष रोधाला या सीमेच्या रोधाने भागलं की डॅम्पिंग रेशो मिळतो. एकाहून लहान आकडा आला, तर व्होल्टेज किती वर उडेल तेही त्या एका आकड्यावरूनच कळतं.

आपल्या बोर्डासाठी हिशेब करू. १ मायक्रोहेन्री भागिले २२ मायक्रोफॅरड, त्याचं वर्गमूळ ०.२१, दुप्पट केली की सीमा ०.४३ ओहम. आपल्याकडे ०.१ ओहम आहे, म्हणून रेशो ०.२३. इतक्या रेशोला पहिली उसळी सुमारे ४७ टक्क्यांची असते. २४ मध्ये ११ व्होल्टची भर पडून व्होल्टेज ३५ च्या किंचित वर जातं. चिप ३६ पर्यंत सोसते. कागदावर सगळं जेमतेम सुखरूप.

पण सिरॅमिक कपॅसिटरचा एक स्वभाव त्यावर छापलेला नसतो. छोट्या आकाराच्या, जास्त किमतीच्या सिरॅमिकवर डीसी व्होल्टेज चढलं की त्याचा कपॅसिटन्स घटतो, कधी निम्म्याखालीही येतो. २४ व्होल्टला तो २२ चा १० मायक्रोफॅरड उरला असं धरू. आता सीमा ०.६३ ओहम होते, रेशो ०.१६ वर घसरतो, उसळी ६० टक्क्यांची आणि शिखर ३८.५ व्होल्ट. चिप गेली. कपॅसिटर लहान झाला तर त्रासही कमी होईल असं वाटणं साहजिक आहे. घडतं उलटं, कारण भागाकारात तो खाली बसला आहे. तो घटला की सीमा वर सरकते आणि तोच ०.१ ओहम आणखी तोकडा पडतो. शिवाय खरा कपॅसिटन्स व्होल्टेज चढत असतानाही घटतच असतो, म्हणून स्थिर १० धरून केलेला आपला हिशेब अंदाजच मानायचा.

हे सगळं फार लवकर उरकतं. शिखर साधारण १० मायक्रोसेकंदांत येतं, हेलकावे ८० मायक्रोसेकंदांत विझतात. मल्टिमीटरला याचा पत्ता लागत नाही.

मग रोध भरपूर वाढवला तर? एकूण २ ओहम केला तर सर्किट ठणठणीत ओव्हरडॅम्प्ड होतं, उसळी नाहीशी. पण कपॅसिटर आता सावकाश भरतो आणि २४ च्या दोन टक्क्यांच्या आत यायला त्यालाही जवळपास ८० मायक्रोसेकंद लागतात. बरोबर सीमेवरच्या ०.६३ ओहमला हेच काम सुमारे १८ मायक्रोसेकंदांत होतं. एका टोकाला हेलकावे लांबतात, दुसऱ्या टोकाला शेपूट लांबते. व्यवहारात सीमा गाठायचीही गरज नसते. ०.४ ओहमला उसळी आठ टक्क्यांच्या आत राहते, शिखर २६ व्होल्टच्याही खाली. तेवढी उसळी चिपला सहज पेलते, आणि परीक्षेच्या उत्तराबाहेर क्रिटिकल डॅम्पिंगचा अट्टहास मला तरी पटत नाही.

अडचण अशी की हा रोध वायरीत घातला तर तो कायमचा तापतो. मशीन ३ अँपिअर खेचत असेल तर वाढीव ०.३ ओहममध्ये जवळजवळ ३ वॅट वाया जातात. म्हणून जाणकार सिरॅमिकला समांतर एक साधा अ‍ॅल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावतात, किमतीने चार-पाच पट मोठा. त्याच्या अंगातच काही दशांश ओहम रोध असतो. एरवी हा त्याचा दोष मानला जातो. इथे तो हेलकावे शोषतो आणि स्थिर करंट त्यातून जात नसल्याने तापतही नाही. आता सर्किट सरळ सिरीज राहिलं नाही, त्यामुळे वरचं सूत्र जसंच्या तसं लागू होत नाही. तरी लागणारा रोध √(L/C) च्या आसपासचा, म्हणजे इथे ०.३ ओहमच्या घरातला, एवढी दिशा तेच देतं. जुना इलेक्ट्रोलिटिक काढून त्याजागी ‘भारी’ सिरॅमिक बसवल्यावर बोर्ड मरू लागले, तर पहिला संशय इथेच घ्यावा.

तपासायचं असेल तर ऑसिलोस्कोपचा प्रोब कपॅसिटरच्या पायांशीच, आखूड ग्राउंड वायरने लावायचा आणि पिन प्रत्यक्ष खोचायची. पहिल्या शिखराने २४ च्या वर मारलेली उडी भागिले २४ केली की उसळीची टक्केवारी हातात येते; तिच्यावरून रेशो, आणि रेशोवरून सर्किटमधला खरा एकूण रोध. पुष्कळजण इथे बेंचवरच्या पॉवर सप्लायचं बटण दाबून बघतात आणि लाट सपाट दिसली म्हणून निश्चिंत होतात. बटण दाबल्यावर सप्लायचं व्होल्टेज काही मिलिसेकंद घेत सावकाश चढतं. ज्या सर्किटचा एक हेलकावा २० मायक्रोसेकंदांचा, त्याच्यासाठी तो झटकाच नव्हे. अ‍ॅडॉप्टरची पिन आधी मशीनला लावून मग भिंतीवरचा स्विच चालू केला तरी बहुधा हेच होतं. बोर्ड मरतो तो अ‍ॅडॉप्टर आधीच चालू असताना पिन खोचली की.