दगड किती जुना, हत्यार किती जुनं?

शाळेच्या प्रदर्शनात दगडी हत्याराखाली अनेकदा एकच ओळ असते : ‘आदिमानवाची शिकारीची कुऱ्हाड, लाखो वर्षांपूर्वीची.’ ‘आदिमानव’, ‘शिकार’ आणि ‘लाखो वर्षं’ असे तीन दावे त्या एका ओळीत आहेत. त्यातला कुठला दावा त्या दगडाकडे बघून करता येतो, हे ठरवल्याशिवाय फलक लिहायला घेऊ नये.

उदाहरण म्हणून प्रवरेच्या काठावरची हातकुऱ्हाड घेऊ. नेवाशाजवळ १९५०च्या दशकात ह. धी. सांकलिया यांनी उत्खनन केलं आणि पुढे तिथल्याच चिरकी इथे गुद्रुन कॉर्विनस यांनी. नदीच्या जुन्या खडीच्या थरांतून अशी हत्यारं मिळाली. हातकुऱ्हाड तळहाताएवढी किंवा जरा मोठी असते, एका टोकाला निमुळती आणि दुसरीकडे जाडसर. तिला दांडा नसतो.

नदीत आपटूनही दगड फुटतो, मग हा माणसानंच फोडला हे कशावरून? फटका बसून ढलपी निघाली की मागे एक उथळ खळगा राहतो. गडगडत आलेल्या दगडावर असे एक-दोन खळगे कुठेही दिसतील. हातकुऱ्हाडीवर ते दोन्ही बाजूंना असतात आणि सगळे काठापासून आत गेलेले असतात. योगायोगानं असं घडत नाही.

हे खळगे कोणत्या क्रमानं पडले, तेही वाचता येतं. नंतरचा खळगा आधीच्याची कड कापून जातो. कडा नीट बघितल्या तर कळतं, की सुरुवातीला मोठ्या ढलप्या काढून दगडाला आकार दिला, मग लहान ढलप्या काढून काठ सरळ केला. म्हणजे पहिला फटका मारताना शेवटचा आकार घडवणाऱ्याच्या डोक्यात होता. माझ्या मते त्या दगडातून मिळणारी सगळ्यात मोठी माहिती हीच, आणि नेमकी तीच फलकावर नसते.

दगडाची निवडही बोलते. आपला काळा पाषाण पुष्कळ ठिकाणी छिद्रांचा किंवा भेगाळ असतो. तो वेडावाकडा फुटतो. ही हत्यारं मात्र घट्ट, बारीक कणांच्या बेसाल्टची किंवा डोलेराइटची आहेत. कुठला दगड चांगला फुटतो, याची पारख त्या लोकांना होती.

शिकारीचं मात्र सांगता येत नाही. बेसाल्टचा पृष्ठभाग काळानुसार झिजतो, कुजतो. त्यामुळे वापराच्या सूक्ष्म खुणा बहुधा उरत नाहीत. इंग्लंडमधल्या बॉक्सग्रोव्ह इथे हातकुऱ्हाडींबरोबर कापल्याच्या खुणा असलेली घोड्याची हाडं मिळाली, म्हणून तिथे मांस सोलल्याचं खात्रीनं म्हणता येतं. आपल्याकडच्या दगडाला तो पुरावा चिकटवायचा नाही.

आता वय. हा प्रश्न सगळ्यात फसवा. दगडाचंच वय काढलं तर उत्तर येईल सुमारे साडेसहा कोटी वर्षं, कारण दख्खनचा लाव्हा तेव्हाचा. हत्यार कधी घडलं ते कळण्यासाठी ते ज्या थरात सापडलं त्याचं वय हवं. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठच्या बोरी इथे हातकुऱ्हाडींच्या थराशी ज्वालामुखीची राख मिळाली. राखेचं वय मोजता येतं, म्हणून मोठी आशा वाटली. एका मोजणीत उत्तर आलं सुमारे १४ लाख वर्षं, दुसऱ्या मोजणीत सुमारे ६ लाख ७० हजार. राखेची रासायनिक घडण बघून काही अभ्यासक म्हणाले, की ही सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, म्हणजे जेमतेम ७५ हजार वर्षांपूर्वीची आहे. नदीनं वाहून आणलेल्या राखेत जुन्या खडकाचे कण मिसळले, तर वय फुगतं. घोळ होतो तो अशा ठिकाणी.

राहिला ‘आदिमानव’. ज्यांनी ही हत्यारं केली त्यांची हाडं प्रवरेकाठी मिळालेली नाहीत. भारतात एवढ्या जुन्या माणसाच्या कवटीचा महत्त्वाचा पुरावा १९८२ साली नर्मदाकाठच्या हथनोऱ्याला मिळाला.

एवढं चाळल्यावर सहावी-सातवीच्या मुलांसाठी फलक असा लिहिता येईल :

‘हातकुऱ्हाड. प्रवरा नदीच्या जुन्या खडीतली. दोन्ही बाजूंचे खळगे बघा. प्रत्येक खळगा म्हणजे एक फटका. कुठला आधी आणि कुठला नंतर मारला, ओळखता येतं का? ही करणाऱ्यानं चांगला फुटणारा दगड निवडला होता. तिनं काय कापलं ते आपल्याला माहीत नाही. तिचं वय दगडावरून नाही, ती सापडली त्या थरावरून काढतात.’

शिक्षकांना एक विनंती. हा फलक वाचून मुलं नदीकाठी दगड शोधायला जातील, जायलाच हवं. पण संशयास्पद दगड दिसला तर तो उचलून शाळेत आणायला सांगू नका. जागच्या जागी, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, ठिकाण लिहून ठेवा आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा. थरातून सुटलेल्या हातकुऱ्हाडीचं वय पुढे कुणालाच काढता येत नाही.