सात दिवस, सहा कपडे

प्रवासाची बॅग भरताना आपल्याकडे बहुतेक जणी जोड्यांमध्ये विचार करतात. हा कुर्ता, त्याची ही सलवार, तिच्यावरची ही ओढणी. बॅग फुगते ती याच सवयीमुळे. तीन कुर्ते आणि तीन सलवारी घेतल्या आणि प्रत्येकीचा जोडीदार ठरलेला असला, तर सहा कपड्यांत तीनच पोशाख होतात. तेच सहा कपडे चार कुर्ते आणि दोन पँट असे घेतले आणि प्रत्येक कुर्ता दोन्ही पँटवर चालत असला, तर आठ पोशाख होतात. आठवडा भागून एक उरतो.

जानेवारीतली राजस्थानची सहल घेऊ. जयपूर, जोधपूर, जैसलमेर. दुपारी ऊन सुखावणारं असतं, पण जैसलमेरला रात्री पारा दहाच्या खाली सहज जातो. देशांतर्गत विमानात केबिन बॅगेला साधारणपणे सात किलोंची मर्यादा असते, आणि त्यात बॅगेचं स्वतःचं वजनही धरलं जातं.

सुरुवात पँटपासून करावी, कुर्त्यांपासून नव्हे. एक गडद निळी, एक मातकट. वाळवंटातली धूळ मातकट रंगावर दिसत नाही आणि चहाचा डाग गडद निळ्यावर. आता या दोन्हींवर चालतील असे चार कुर्ते: एक मोतिया, एक फिका आकाशी, एक डाळिंबी आणि एक अजरखचा. अजरख इथे मुद्दाम घेतला आहे. त्या छपाईत निळा, मंजिष्ठेचा लाल आणि पांढरा एकत्र असतात, त्यामुळे तो बॅगेतल्या बाकी सगळ्या रंगांशी जुळतो. छापील कपडा निवडताना हीच कसोटी लावावी: आपल्या ठरलेल्या रंगांपैकी निदान दोन त्यात असायला हवेत. वर एक गडद निळा स्वेटर आणि एक डाळिंबी शाल. मोतिया कुर्ता एकदा नुसता घातला आणि एकदा शालीसह, तर फोटोत ते दोन वेगळे पोशाख दिसतात.

मग मोह होतो तो आवडत्या जांभळ्या कुर्त्याचा. तो मातकट पँटवर शोभतो, निळ्यावर नाही. म्हणजे इतर प्रत्येक कुर्ता दोन पोशाख देतो तिथे हा एकच देतो आणि जागा मात्र तेवढीच खातो. त्याला घरीच ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

रंगांची निवड दिवसाउजेडी, खिडकीपाशी करा. ट्यूबलाइटखाली गडद निळा आणि काळा सारखेच दिसतात. सगळ्यात जास्त फसतात ते जवळजवळ सारखे रंग. गडद निळ्या पँटवर थोडा विटलेला गडद निळा कुर्ता घातला की जुळवायला गेलो आणि जमलं नाही, असंच दिसतं. मोबाइलवर जोडीचा फोटो काढून तो कृष्णधवल करून पाहावा. वरचा आणि खालचा कपडा एकाच करड्या छटेत मिसळून गेले, तर जोडी फिकी पडणार. एक उजळ आणि एक गडद दिसला, तर ती उठून दिसते.

सहा कपड्यांत आठवडा काढायचा, तर मध्ये एकदा धुणं आलंच. तिसऱ्या-चौथ्या संध्याकाळी दोन कुर्ते धुवावेत, कोरड्या टॉवेलात गुंडाळून दाबून पिळावेत आणि टांगावेत. राजस्थानच्या कोरड्या हवेत पातळ सुती कुर्ता बहुधा सकाळपर्यंत वाळतो. जीन्स वाळत नाही, म्हणून ती नको. कोकणात पावसाळ्यात जाणार असाल तर मात्र हा हिशेब कोलमडतो. तिथे सुती कपडा दोन-दोन दिवस दमट राहतो. लवकर वाळणारं सिंथेटिक कापड घ्या किंवा दोन कुर्ते वाढवा.

धुण्यातला खरा धोका रंग जाण्याचा. पांढऱ्या ओल्या रुमालाने अजरख आणि डाळिंबी कुर्ता आतल्या बाजूने घासून पाहा. रुमालावर रंग उतरला, तर निघण्यापूर्वी दोन-तीनदा वेगळे धुवा. तरीही उतरत असेल, तर तो कुर्ता मोतियाबरोबर एका बादलीत घालू नका आणि ओला असताना एका पिशवीतही ठेवू नका.

निघताना जड ते अंगावर घालावं: निळी पँट, स्वेटर, बूट. बॅगेत उरतात तीन कुर्ते, एक पँट, शाल, रात्रीचे कपडे, आतले कपडे, चपला आणि अंघोळीचं सामान. सुती कुर्ता साधारण पाव किलोचा धरला, तर हे सगळं तीन-साडेतीन किलोंत बसतं. बॅग दोन किलोंची असली तरी येताना जोधपूरच्या बाजारातली एखादी बांधणी ओढणी घ्यायला जागा राहते. ती घेताना तेवढं पाहा, तिचा रंग तुमच्या दोन्ही पँटवर चालतो का.