खिळ्यावरची पट्टी

स्टीलच्या पट्टीच्या टोकाला भोक असतं. त्यातून खिळा घालून पट्टी भिंतीवर लटकवा आणि बोटाने हलकेच ढकला. काही झोके घेऊन ती खाली स्थिर होते. तीच पट्टी खिळ्याच्या वर सरळ उभी धरून सोडली, तर क्षणात कलंडते. खरं तर गणिताच्या दृष्टीने दोन्ही जागा समतोलाच्याच आहेत. मग फरक कुठे पडतो?

पट्टीचा कोन x आणि फिरण्याचा वेग y मानू. वेळेचं एकक सोयीचं निवडलं आणि घर्षण वेगाच्या प्रमाणात धरलं, तर समीकरणं अशी होतात:

```
x' = y
y' = -sin x - 0.2 y
```

सगळी अडचण `sin x` ची. पण समतोलाच्या अगदी जवळ वक्ररेषासुद्धा सरळच भासते. 0.1 रेडियनचा, म्हणजे सुमारे 6 अंशांचा साइन 0.0998 येतो. म्हणून प्रत्येक समीकरणाचा आधी x च्या आणि मग y च्या संदर्भात चढ काढायचा. या चार आंशिक विकलजांच्या चौकटीला जेकोबियन मॅट्रिक्स म्हणतात:

```
[   0       1  ]
[ -cos x  -0.2 ]
```

आता समतोलाचा कोन यात घालायचा. खाली x = 0, म्हणून `-cos x` ची किंमत −1. मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू `λ² + 0.2λ + 1 = 0` या समीकरणातून मिळतात: −0.1 ± 0.995i. काल्पनिक भाग झोके दाखवतो, तर वास्तव भागातली वजाबाकी ते विरत जातील असं सांगते. हिशेब केला तर दर पूर्ण झोक्याला पट्टीची झेप जवळपास निम्मी होते.

वर x = π, तिथे −1 च्या जागी +1 येतो. एका चिन्हाने सगळं उलटतं. किंमती आता 0.905 आणि −1.105 आहेत. धन किंमत एक असली तरी पुरते. केसभर कलही वेळेच्या दर एककाला सुमारे अडीच पट होत जातो.

हे चित्र समतोलाजवळच खरं. एक रेडियनला साइन 0.841 असतो, म्हणजे सरळ रेषेपेक्षा 16 टक्के कमी. जवळपासच्या चित्राची हमी हार्टमन आणि ग्रोबमन यांच्या 1960 च्या सुमाराच्या प्रमेयाने मिळते, पण एका अटीवर: कुठल्याही आयगेन व्हॅल्यूचा वास्तव भाग शून्य नसावा.

ही अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. खिळ्याऐवजी घर्षणरहित बेअरिंग लावलं आणि फक्त हवेचा, वेगाच्या वर्गानुसार वाढणारा विरोध उरला, तर `-0.2 y` च्या जागी `-0.2 y|y|` येतं. y = 0 ला याचा चढ शून्य. खालच्या समतोलाच्या आयगेन व्हॅल्यू ±i येतात, आणि मॅट्रिक्स म्हणते की पट्टी कायम झुलत राहील. प्रत्यक्षात हवा दर झोक्याला थोडी ऊर्जा काढून घेतेच, फक्त झोका लहान होईल तशी ती अधिकाधिक संथपणे घेते. उत्तरात वास्तव भाग शून्य दिसला, की मॅट्रिक्स बाजूला ठेवून मूळ समीकरणातल्या ऊर्जेचा हिशेब मांडावा लागतो.